आवाज राखून बांधणी : एका पहिल्या लघुकादंबरीवरचं टिपण

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात मी तेवीस वर्षं मराठी शिकवलं. या काळात हाताखालून पन्नासेक हस्तलिखितं गेली असतील. कवितांच्या वह्या सर्वांत जास्त, कथा त्याहून कमी, आणि कादंबरी क्वचित. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी एका दुपारी टंकलिखित एकशे अठरा पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवून गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, "मॅडम, शुद्धलेखन नका बघू, बाकीचं बघा." या बाकीच्याबद्दल मी तिला जे लेखी टिपण दिलं, ते कसं तयार झालं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं, हे या लेखात सांगायचं आहे. विद्यार्थिनीच्या परवानगीने तिच्या संहितेतली काही वाक्यं इथे देते आहे. नाव तिने देऊ नका म्हटलं, म्हणून देत नाही.

कादंबरी गावातल्या पिठाच्या गिरणीची आहे. सांगणारी सोळा वर्षांची मुलगी. दिवाळीच्या आधी भाजणीच्या गर्दीत वडिलांचा, म्हणजे आबाचा, हात पट्ट्यात सापडतो. मुलगी अकरावीचा वर्ग 'चार दिवसांपुरता' सोडून गिरणीवर बसते, आणि चार दिवस वाढत जातात. चुलत्याला गिरणीची जागा विकायची आहे, कारण तिच्यावरून रस्ता रुंद होणार आहे. गावात घरघंट्या यायला लागल्या आहेत. शेवटाकडे मुलगी गिरणीच्या दगडांना स्वतःच्या हाताने टाकी लावते. हे काम त्या गावात बाईमाणसाने केलेलं कुणी पाहिलेलं नसतं.

मी पहिलं वाचन पेन्सिल हातात न घेता करते. ही शिस्त मला उशिरा लागली. त्याच्या आधीची एक चूक सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाने त्याच्या बोलीत लिहिलेली लघुकादंबरी आणली होती. मी तासाभरातच लाल शाईने समास भरायला सुरुवात केली. इथे क्रियापद बदला, इथे परिच्छेद तोडा, हे प्रकरण आधी घ्या. सगळ्या सूचना आपापल्या जागी बरोबर होत्या. तीन महिन्यांनी त्याने नवी प्रत आणली. ती नीट बांधलेली होती, प्रसंग क्रमाने येत होते, आणि वाचताना ती कुणाचीही असू शकली असती. पहिल्या प्रतीत एक माणूस बोलत होता, तो दुसऱ्या प्रतीत गप्प झाला होता. त्या मुलाने पुढे काही लिहिलं नाही. कारण एकच असेल असं मी म्हणणार नाही, पण माझा हात त्यात आहे.

तर या वेळी पहिलं वाचन मुकाट्याने केलं. सेहेचाळीस पानं मला आवाज आवडत राहिला आणि गोष्ट सुरूच होत नव्हती. सत्तेचाळिसाव्या पानावर सातवं प्रकरण असं सुरू झालं :

"आबाच्या हाताला चार बोटं राहिली तवा गिरणीवर बावीस डबं रांगेत होतं. पाचव्या बोटाचं कुणी इचारलं न्हाई, दळणाचं सगळ्यांनी इचारलं."

इथे मी थांबले आणि उठून चहा केला. या दोन वाक्यांत या मुलीचं गाव, तिचा राग आणि तो न दाखवता बोलायची तिची रीत असं सगळं आहे. तिने रक्ताचं वर्णन केलेलं नाही. बोटांचा आणि डब्यांचा हिशोब मांडला आहे, कारण गिरणीवाल्याची मुलगी मोजणारच. आवाज आवाज म्हणतात तो हाच. बोलीतले शब्द वापरले की आवाज येतो असं पुष्कळांना वाटतं, पण 'तवा' आणि 'न्हाई' काढून हीच वाक्यं प्रमाणभाषेत लिहिली तरी मोजण्याची ती सवय शिल्लक राहील. सांगणारी व्यक्ती कशाकडे आधी बघते, काय गाळते आणि कशाच्या शेजारी काय ठेवते, यावर आवाज ठरतो. बोली ही त्याची कातडी आहे. ती महत्त्वाची असतेच, पण हाड नव्हे. टिपण लिहिणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे. नाहीतर तो बोलीचं कौतुक करतो आणि प्रकरणं हलवताना नजर कापून टाकतो.

दुसऱ्या वाचनात मी एक साधी गोष्ट करते. प्रत्येक प्रकरणासाठी कागदाची एक पट्टी घेते आणि त्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहिते : या प्रकरणाआधी जे होतं त्यातलं काय या प्रकरणानंतर बदललं? प्रकरणात काय 'आहे' ते लिहायचं नाही, काय 'बदललं' ते लिहायचं. बावीस प्रकरणांच्या बावीस पट्ट्या जमिनीवर मांडल्या तेव्हा संहितेचा नकाशा दिसला. पहिल्या सहा पट्ट्यांवर आजीचं जातं, आजोबांनी आणलेलं डिझेलचं इंजिन आणि मग विजेची मोटार हा मागचा इतिहास होता. सातवीवर अपघात. आठ ते सोळा या नऊ प्रकरणांत गिरणीवर येणारी नऊ माणसं, एकेका प्रकरणात एकेक. या नऊपैकी सात पट्ट्या कोऱ्या राहिल्या. सतरा आणि अठरा या प्रकरणांत अचानक तिऱ्हाईत निवेदक येतो आणि ग्रामपंचायत, चुलता, रस्ता यांबद्दल सांगतो. एकोणिसाव्यात टाकी. त्यानंतर तीन प्रकरणांत मुलगी मोठी होऊन या सगळ्याचा अर्थ काय ते सांगते.

कोऱ्या पट्ट्यांची खात्री करायची दुसरीही एक युक्ती आहे. दोन प्रकरणांची अदलाबदल करून वाचायची. मी दहावं आणि चौदावं प्रकरण उलटवून वाचलं. काहीच अडलं नाही. दहाव्यातल्या बाईने चौदाव्यात येऊन दळण नेलं तरी चालत होतं. म्हणजे ही नऊ प्रकरणं एका माळेत असली तरी दोरा नव्हता. पहिल्या कादंबरीत हे फार वेळा होतं, आणि ज्यांचा आवाज चांगला असतो त्यांच्याच बाबतीत जास्त होतं. आवाज असलेला लेखक काहीही सांगितलं तरी ऐकावंसं वाटतं, आणि ते त्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो पुढे जायची घाई करत नाही. कंटाळवाण्या लेखकाला निदान कथानकाचा तरी आधार शोधावा लागतो.

आता अडचण खरी. या नऊ प्रकरणांना दोरा कुठून आणायचा? माझ्या पहिल्या मसुद्यात मी चुलत्याला वर आणलं होतं. म्हणजे जागा विकण्याचा डाव आठव्या प्रकरणापासून हळूहळू उघड करत न्यावा, त्याने ताण वाढेल, वगैरे. हे टिपण मी दिलं नाही. ते कुठल्याही गावच्या कुठल्याही जागेला लागू पडलं असतं. ते वाचून तिने एक बरी रहस्यकथा लिहिली असती आणि गिरणी नेपथ्य म्हणून उरली असती.

तिसरं वाचन मी मोठ्याने करते. एकाहत्तराव्या पानावर एक वाक्य तोंडातून गेलं आणि तिथेच दोरा सापडला :

"पीठ गरम आलं की आबा कायबी न बोलता हात फुढं करायचा, जसं पोराचा ताप बघावा."

गिरणीच्या दगडांना बारीक खाचा असतात. दळून दळून त्या झिजतात. मग दाणा कापला जाण्याऐवजी दोन दगडांत घासला जातो, पीठ गरम येतं, दळायला वेळ लागतो आणि पीठ जाडसर पडतं. मग गिरणी बंद करून दगड उघडायचे आणि टाकीने ठोकून खाचा पुन्हा पाडायच्या. हे संहितेत होतं, पण दोनच जागी. एकाहत्तराव्या पानावर ओझरतं आणि एकोणिसाव्या प्रकरणात एकदम. दिवाळीपूर्वी आबाने टाकी लावलेली असते, अपघात होतो, त्यानंतर मुलगी चालवते तेवढे सगळे महिने तेच दगड झिजत असतात. या कादंबरीला स्वतःचं घड्याळ होतं आणि लेखिकेने ते भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं.

मग पट्ट्या पुन्हा मांडल्या. दळणाला आलेल्या नऊ माणसांपैकी कुणाच्या प्रसंगात पिठाला हात लागतो? चौघांच्या. एक म्हातारी डब्यात हात घालून पीठ कोमट लागतं म्हणून नुसतं मुलीकडे बघते. एक विधवा उधारीवर दळते आणि वहीत तिचं पान भरत जातं. एक सासुरवाशीण सांगते की भाकरी थापताना चिरते आणि सासू मला बोलते. एका मास्तरांच्या घरी घरघंटी येते आणि ते दळण द्यायचं थांबतात. हे चौघं या क्रमाने लावले की दगड एक पायरी खाली जातो, गिऱ्हाईक एक पायरी कमी होतं आणि वहीतली उधारी एक पायरी वर जाते. आता अदलाबदल होत नाही. भाकरी चिरण्याआधी घरघंटी आणली तर अर्थ बिघडतो. उरलेल्या पाच माणसांना काढायचं नव्हतं. ती चौघांच्या प्रसंगांत रांगेत उभी राहिली तर एकेका परिच्छेदात मावत होती.

सतरा-अठराव्या प्रकरणांचा प्रश्न निराळा होता. तिथे असं एक वाक्य आहे : "दरम्यान, ग्रामपंचायतीच्या बैठकीत रस्तारुंदीकरणाचा ठराव मंजूर करण्यात आला." हे त्या मुलीचं वाक्य नाही, वर्तमानपत्राच्या तालुका बातमीदाराचं आहे. असं का झालं ते उघड आहे. चुलत्याचा डाव वाचकाला सांगायचा होता आणि मुलगी तर बैठकीला नव्हती. प्रथमपुरुषी निवेदनाचा हा नेहमीचा खड्डा आहे. बहुतेक लेखक त्यात पडले की दार आडून ऐकणं, सापडलेलं पत्र किंवा सगळं सांगून टाकणारा मित्र यांपैकी एक काहीतरी वापरतात. पण या संहितेत चौथ्या प्रकरणात, निव्वळ गंमत म्हणून, हे आलेलं होतं :

"लाईट गेली की गिरणी मरती, पर मानसांचा आवाज लगीच मरत न्हाई. वरडत आसलेलं वाक्य तसंच हवंत लटकतं, आन् मग सगळ्या गावाला कळतं कुणाची सून कुणाला काय म्हनली."

गिरणी चालू असताना सगळे ओरडून बोलतात. वीज गेली की ओरडून बोललेलं अर्धं वाक्य शांततेत उघडं पडतं. चुलत्याचं असंच एक वाक्य उघडं पडलं तर? दोन प्रकरणं, नऊ पानं आणि एक तिऱ्हाईत निवेदक यांचं काम एक अर्धं वाक्य करतं, आणि मुलीला अर्धंच कळतं हे तर आणखी चांगलं.

आता टिपण. मी दिलेलं टिपण दोन पानांचं होतं. त्यातला मुख्य भाग असा :

"तुझ्या कादंबरीतली मुलगी मला दिसली नाही, ऐकू आली. पान ४७ वरची पहिली दोन वाक्यं, पान ७१ वरचं तापाचं वाक्य आणि पान २३ वरचं लाईट जाण्याचं, या तीन जागा आधी परत वाच. या तिन्ही ठिकाणी ती भावना सांगत नाही, मोजते किंवा हात लावून बघते. हे तुला जमतं. पुढच्या सूचनांपैकी एखादी पाळताना हे जाणार असेल, तर ती सूचना सोडून दे.

एक. कादंबरी पान ४७ वर सुरू होते. आधीची सेहेचाळीस पानं वाईट नाहीत, ती चुकीच्या वेळी येतात. आजोबांचं इंजिन वाचकाला हवंसं वाटेल ते मोटार बंद पडेल तेव्हा. आजीचं जातं हवंसं वाटेल ते गिरणी दोन दिवस बंद राहील तेव्हा. ही पानं फाडू नकोस, वेगळ्या पाकिटात ठेव आणि गरज पडेल तिथे तेवढंच काढ.

दोन. नऊ गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या प्रसंगानंतर काय बदललं ते एका ओळीत लिहून बघ. जिथे लिहिता येणार नाही तिथे थांब. मला वाटतं, तुझ्या कादंबरीचा काळ दिवाळी ते पाडवा असा नसून टाकी ते टाकी असा आहे. दगड कुठवर झिजला ते प्रत्येक प्रसंगात तुला माहीत असू दे. वाचकाला प्रत्येक वेळी सांगायची गरज नाही.

तीन. प्रकरण १७ आणि १८ मधून तुझी मुलगी गेली आहे. तिला जे माहीत असणं शक्य नाही ते आपल्यालाही नको. पान २३ वरची लाईट चुलत्याच्या वाक्यावर जाऊ शकते का, बघ.

चार. प्रकरण १९ नंतर मला काही वाचायचं नव्हतं. टाकी लावून पहिलं पीठ आलं आणि तिने हात पुढे केला, इथे तू स्वतःच थांबली होतीस. पुढची दहा पानं तुझा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून लिहिलीस, असा माझा अंदाज आहे.

भाषेला मी कुठेही हात लावलेला नाही. 'इचारलं' आणि 'विचारलं' दोन्ही येतात, ते शेवटच्या प्रतीत बघू. आत्ता नाही."

या टिपणाच्या रचनेबद्दल थोडं. स्तुती आधी टाकली ती मन राखण्यासाठी नाही. तिला पानांचे आकडे आहेत. 'तुझी भाषा फार जिवंत आहे' असं लिहिलं असतं तर ती खूश झाली असती आणि दुरुस्ती करताना नेमकं काय जपायचं हे तिला कळलं नसतं. दुरुस्तीच्या वेळी लेखकाच्या हातात कात्री असते. कुठे कापायचं नाही ते पानासह ठाऊक नसेल तर चांगलं आणि वाईट सारख्याच सहजतेने कापलं जातं. शिवाय चारही सूचनांचा आधार तिच्याच वाक्यांत आहे. बाहेरून एकही प्रसंग मी सुचवलेला नाही. आणि चारच सूचना आहेत. माझ्या वहीत सतरा होत्या. बाकीच्या तेरा मी ठेवून घेतल्या, कारण त्यांपैकी निम्म्या पहिल्या चार झाल्यावर आपोआप गळणार होत्या. प्रकरणांची लांबी, एका पात्राचं वय दोन ठिकाणी वेगळं असणं, हे बांधणी बदलण्याआधी दुरुस्त करणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं.

हे शहाणपण माझं एकटीचं नाही. टिपण लिहिण्याआधी मी एक जुना पत्रव्यवहार पुन्हा काढून वाचला होता. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फ्लॅनरी ओकॉनर या लेखिकेची 'वाइज ब्लड' ही पहिली कादंबरी, तीही आकाराने लहानच, 1952 साली प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 1951 मध्ये, कॅरोलाइन गॉर्डन या ज्येष्ठ कादंबरीकार आणि शिक्षिकेने तिला हस्तलिखितावर लांबलचक टंकलिखित पत्र पाठवलं. ओकॉनर तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि ल्यूपस या आजारातून नुकतीच जरा सावरून आईजवळ राहत होती. दोघी तोवर भेटलेल्याही नव्हत्या. हे पत्र पुढे 1979 साली 'जॉर्जिया रिव्ह्यू'मध्ये सॅली फिट्झजेराल्ड यांनी छापलं.

गॉर्डनबाईंनी आधी हातचं न राखता कौतुक केलं आहे आणि मग मुख्य तक्रार मांडली आहे ती अशी की कादंबरी फार उघडी-बोडकी आहे. सगळा उजेड सतत नायकावरच पडतो, भोवतालाला जागाच नाही. नाटकात पूर्ण वेळ एकाच नटावर झोत ठेवला तर प्रेक्षक थकतात, तसं होतंय. तीव्र वाक्याच्या आधी आणि नंतर थोडं सुन्न, सपाट वाक्य असावं, म्हणजे तीव्र वाक्य उठून दिसतं, असं त्यांनी येट्सचा हवाला देऊन सांगितलं आहे. छापील कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला नायक रात्री गावातून चालत असताना वरचं प्रचंड, चांदण्यांनी भरलेलं आभाळ येतं आणि खाली दुकानं उघडी असल्यामुळे कुणीच त्याच्याकडे बघत नाही. हे आभाळ गॉर्डनबाईंच्या सूचनेनंतर आलं असं अभ्यासक सांगतात. ओकॉनरने आपला तिरका, कोरडा सूर मात्र सोडला नाही. तो तसाच ठेवून त्याच्याभोवती थोडी मोकळी हवा केली. पुढे 1964 साली तिचा मृत्यू होईपर्यंत ती आपलं लेखन गॉर्डनबाईंना वाचायला पाठवत राहिली.

त्या पत्रातली एक गोष्ट मात्र मी घेतली नाही. सर्वज्ञ निवेदकाने पात्रांसारखं बोलू नये, त्याची भाषा शिष्ट असावी, असा गॉर्डनबाईंचा आग्रह आहे. तिऱ्हाईत निवेदनात त्याला अर्थ आहे. आपल्याकडे तो आग्रह फार सहज सगळ्याच निवेदनाला लावला जातो, आणि संवाद तेवढे बोलीत व निवेदन प्रमाणभाषेत अशी वाटणी होते. गिरणीवरच्या मुलीला ती वाटणी लावली तर तिचं सांगणं आणि बोलणं अशा दोन मुली होतील. नेमाड्यांच्या 'कोसला'ला 1963 पासून एवढी वर्षं होऊनही वर्गात हे नव्याने समजावून सांगावं लागतं, याचं मला कधी कधी हसू येतं.

आता दुसऱ्या प्रतीबद्दल. ती पाच महिन्यांनी आली, एकशे अठराऐवजी ब्याण्णव पानांची. पहिलं पान : आबाच्या हाताला चार बोटं. चुलत्याच्या वाक्यावर लाईट गेली होती, आणि तिने माझ्यापुढे एक पाऊल टाकलं होतं. वाक्य अर्धं उघडं पडल्यावर चुलता ते तसंच हळू आवाजात पूर्ण करतो, पण दुसरंच काहीतरी म्हणून. मुलीला कळतं की त्याने शेपूट बदललं. हे मला सुचलं नसतं.

पण धोका जिथे असतो तिथेच तो आला होता. हलवलेली प्रकरणं जिथे एकमेकांना जोडली जातात त्या सांध्यांवर मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. आवाज गेला की नाही हे प्रकरणाच्या मधोमध कळत नाही, सांध्यावर कळतं, कारण तिथे लेखक गोष्ट सांगायचं सोडून व्यवस्था लावायला लागतो. बेचाळिसाव्या पानापासून सात पानांत 'त्यामुळे' पाच वेळा आणि 'तत्पूर्वी' दोन वेळा आलं होतं. पहिल्या प्रतीत 'तत्पूर्वी' हा शब्द नव्हता. या मुलीच्या गिरणीवर तो शब्द दळायला कुणी आणला नसता. त्या शब्दांखाली मी फक्त पेन्सिलीने टिंब ठेवली आणि समासात लिहिलं, 'इथे कोण बोललं?' तिने त्यातले बहुतेक जोडशब्द नुसते काढून टाकले, बदली शब्द दिला नाही. सांधा न जोडता शेजारी ठेवला तरी वाचक तो ओलांडतो, असं आम्हा दोघींच्या लक्षात आलं. एका ठिकाणी मात्र खरंच अडत होतं, इंजिनाची आठवण मध्येच उपटल्यासारखी वाटत होती. तिथे तिने वहीचा उपयोग केला. उधारीच्या वहीची मागची पानं आजोबांच्या अक्षरातली आहेत, एवढं सांगितलं आणि इंजिन आपसूक आलं.

माझी एक सूचना तिने पाळली नाही. आजीचं जातं गिरणी बंद पडेल तिथे न्यावं, असं मी लिहिलं होतं. तिने ते कादंबरीच्या अगदी आधी, अपघाताच्याही आधी, दीड पान ठेवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, जात्यावर आजी एकटी असते. तिथं रांग नाही. रांग कधी लागली ते कळायला एकदा रांग नसलेलं दाखवायला लागतं ना." मी ते दीड पान पुन्हा वाचलं. पट्टीवर 'काय बदललं' या प्रश्नाला त्याच्यापुढे उत्तर नव्हतं, माझ्या मोजमापात ते कोरंच होतं. त्यानंतर लगेच बावीस डबे आले तेव्हा मात्र आकडा पहिल्यापेक्षा मोठा वाटला. माझी पट्टीची रीत एका प्रकरणातला बदल मोजते, दोन प्रकरणांतलं अंतर मोजत नाही. तेव्हापासून मी दर दोन पट्ट्यांच्या मध्ये एक रिकामी पट्टी ठेवते आणि तिच्यावर आधीच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आणि पुढच्याचं पहिलं वाक्य उतरवून काढते.

शेवटाबद्दल आमचं अजून एकमत नाही. तीन प्रकरणं तिने काढली, पण टाकीनंतर एक छोटं वाक्य ठेवलं आहे, ज्यात मुलगी अकरावीचं पुस्तक गिरणीच्या फळीवर ठेवते. मला ते नको आहे, तिला ते हवं आहे. तिसरी प्रत माघात येणार आहे. 'इचारलं' आणि 'विचारलं' हे त्या वेळी बघायचं ठरलं आहे.